गृहोपयोगी वस्तूंचं दुकान 31 मे ला बंद करायचंय: देणी, माल, कामगार, गिऱ्हाइकं यांचा क्रम कसा लावावा?

कृष्णाकाठ
तालुक्याच्या गावातलं काकांचं दुकान आहे, कराडच्या बाजूला. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी, कूलर, मिक्सर. एकट्या मालकीचं, भाड्याची जागा, जीएसटी नंबर आहे. मुलं बाहेर स्थायिक, काकांचं वय 64. दुकान बुडालेलं नाही, पण पुढं ओढण्यात अर्थ नाही असं घरात ठरलंय. आकडे (जीएसटी बाजूला ठेवून, खरेदी भावाने):

माल 31 लाख. त्यातला साधारण 6 लाखांचा नवा, खोकंबंद. 8 लाखांचा डिस्प्लेचा आणि जुन्या मॉडेलचा. बाकी मधला.
बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, 18 लाखांची, वापर 12 लाख. माल तारण, शिवाय राहतं घर गहाण.
सप्लायरची देणी 11 लाख, सात डिस्ट्रिब्युटर. काहींकडे पुढच्या तारखेचे चेक, दोघांकडे कोरे सही केलेले.
गिऱ्हाइकांकडे उधारी 8 लाख.
बुकिंगचे आगाऊ पैसे 1 लाख 60 हजार.
माणसं सहा: 12 वर्षं, 8 वर्षं, 4 वर्षं, 3 वर्षं, 2 वर्षं, आणि एक सात महिन्यांपूर्वी लागलेला.
जागेचं डिपॉझिट 3 लाख.

आज जानेवारीचा शेवट आहे. काकांचं म्हणणं, 'सेलचा बोर्ड लावू, येईल तो पैसा जो दारात येईल त्याला देऊ.' मला हे पटत नाही, पण नक्की काय चुकतंय ते मांडता येत नाही.

तोलून_मापून
पहिलं काम जीएसटी नंबर रद्द करायला टाका. नाहीतर दर महिन्याचं रिटर्न, दंड सुरूच राहतं. आणि माल रोखीत काढा, सुटाल.

जमाखर्च
@तोलून_मापून, रिटर्न थांबवायचं हे बरोबर, पण ते शेवटी. नंबर रद्द होतो त्याच्या आदल्या दिवशी जो माल शिल्लक आहे, त्यावर घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत भरावं लागतं. आणि ते क्रेडिट किंवा त्या मालावरचा विक्रीकर, दोन्हींत जे जास्त असेल ते. आज नंबर रद्द केला तर 31 लाखांच्या मालावर 18 टक्क्यांनी साडेपाच लाखांच्या वर भरणा होतो. तोच माल नंबर चालू असताना तोट्यात विकला तरी विकल्या भावावर कर, बस.

एसीचं तर आणखी वेगळं आहे. 22 सप्टेंबर 2025 ला एसी 28 वरून 18 टक्क्यांवर आले. त्याआधी घेतलेल्या एसीवर क्रेडिट 28 टक्क्यांनी घेतलंय. तो एसी बंदच्या दिवशी दुकानात राहिला तर 28 टक्के परत जातात, पण आधी कितीही पडेल भावात बिल करून विकला तर 18 टक्केच लागतात. म्हणून सगळ्यात आधी काढायचा माल कोणता हे खरेदी बिलाच्या तारखेवरून ठरवा, मालकाच्या अंदाजाने नको. मोडका किंवा कुणाला फुकट दिलेला पीस असेल त्याचंही क्रेडिट परत भरायचं असतं, म्हणून 'राहू दे, भाच्याला देऊ' असं करण्यापेक्षा त्याला बिल करून स्वस्तात विका.

@कृष्णाकाठ, आता मूळ प्रश्न. आधी एक कागद घ्या आणि किती येईल ते कठोरपणे लिहा. 6 लाखांचा खोकंबंद माल डिस्ट्रिब्युटर परत घेतील असं धरू, पूर्ण भावाने. मधल्या 17 लाखांचे 90 टक्क्यांनी 15 लाख 30 हजार. जुन्या 8 लाखांचे 55 टक्क्यांनी 4 लाख 40 हजार. उधारीतले 8 पैकी साडेपाच लाख, डिपॉझिटचे अडीच. एकूण 33 लाख 70 हजार. जायचे: बँक 12, सप्लायर 11, बुकिंग 1 लाख 60 हजार, चार महिन्यांचं भाडं-पगार-वीज 4 लाख 80 हजार धरा, आणि कामगारांचा हिशेब 4 लाख 60 हजारांच्या आसपास (त्याबद्दल वकीलवाडा यांनी लिहावं). एकूण 34 लाख.

म्हणजे दुकान बुडालेलं नाही हे खरं, पण 30 हजार कमीच पडतात. इतकं काठावर असताना 'दारात येईल त्याला' हे चालत नाही. पहिले तीन मोठ्या आवाजाचे सप्लायर पूर्ण पैसे घेऊन जातील आणि शेवटचा बिल नसलेला, म्हणजे कामगार, हात हलवत राहील.

घाटावरचा
बँकेच्या बाजूने लिहितो, कारण यात सगळ्यांत जास्त लोक इथेच अडकतात.

सीसीची रक्कम दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ठरते. माल वजा सप्लायरची देणी, त्यातून साधारण 25 टक्के मार्जिन वजा, राहील ती डीपी, म्हणजे खात्यातून जास्तीत जास्त काढता येणारी रक्कम (उधारीचा भाग सोपेपणासाठी सोडून देतो, बँकेबँकेत फरक असतो). आज 31 वजा 11 म्हणजे 20, त्याचे 75 टक्के 15 लाख. वापर 12, ठीक. आता समजा मार्चअखेर 6 लाखांचा माल परत गेला, तितकी देणी फिटली, आणि 7 लाखांचा माल 6 लाख 30 हजारांना विकला. स्टॉक 18, देणी 5, फरक 13, डीपी 9 लाख 75 हजार. विक्रीचे पैसे सीसीत गेल्याने वापर 5 लाख 70 हजारांवर आला. म्हणजे 6 लाख 30 हजारांतले 4 लाख 5 हजारच पुन्हा काढता येतात, बाकी बँकेने धरले. विक्री जसजशी पुढे जाईल तशी ही गळचेपी वाढत जाते, कारण प्रत्येक विकलेल्या पीसबरोबर डीपीही खाली येते.

पगाराच्या दिवशी खात्यात पैसे दिसतात पण निघत नाहीत, अशी वेळ येते ती यामुळे. त्यावर दोनच उपाय आहेत. शाखा व्यवस्थापकाला फेब्रुवारीतच लेखी योजना द्या: कधी किती माल विकणार, सीसी कोणत्या महिन्यात किती खाली आणणार, आणि त्यातून कामगारांच्या देण्यासाठी किती रक्कम राखू द्यावी. सोबत उधारीची यादी आणि बंदची तारीख. दुसरं, सेल हा रोजच्या धंद्यापेक्षा वेगळा असतो, तारण माल घाऊक भावात काढायचा तर बँकेची लेखी संमती घ्या. घर गहाण आहे, म्हणून बँकेला सांभाळणं गरजेचं आहेच. पण पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागदपत्रं 30 दिवसांत परत द्यायची आणि उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा डिसेंबर 2023 पासूनचा नियम वैयक्तिक कर्जांसाठी आहे, सीसीला लागतो का ते शाखेत विचारा. फेडीची पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा.

तोलून_मापून
मग सोपं आहे, दुसऱ्या बँकेत चालू खातं उघडा आणि विक्री तिकडे वळवा. सीसीत थोडं टाकत राहायचं.

घाटावरचा
नको. तारण माल विकून आलेला पैसाही तारणाचाच भाग मानला जातो. दुसरीकडे वळवल्याचं स्टेटमेंटवरून एका बैठकीत कळतं (क्यूआर दुसऱ्या खात्याचा दिसला की पुरे), आणि त्यानंतर संमती, मुदत काहीच मिळत नाही. वर फसवणुकीची भाषा सुरू होते. तुमचं एकच खरं: पैसा हाताशी हवा. तो मागून घ्या, लपवून नको.

वकीलवाडा
कामगारांचा हिशेब. आधी प्रश्न: दुकानात कधीही एका दिवशी दहा माणसं होती का? दिवाळीचे तात्पुरते धरून.

कृष्णाकाठ
हो, 2018 च्या दिवाळीला चार पोरं जादा होती. तेव्हा अकरा झाले असतील.

वकीलवाडा
मग ग्रॅच्युइटी लागू आहे, आज सहा असले तरी. एकदा लागू झाली की माणसं कमी झाल्याने सुटत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, पण हा मुद्दा तसाच आहे.

ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण केलेल्यांना. 12 वर्षांवाल्याचा पगार काय?

कृष्णाकाठ
18,200. आठ वर्षांवाल्याचा 15,600. चार, तीन आणि दोन वर्षांवाले तिघे 13,000 वर. नवीन पोरगा 11,500.

वकीलवाडा
18,200 भागिले 26, म्हणजे दिवसाला 700. पंधरा दिवसांचे 10,500, गुणिले 12, एक लाख 26 हजार. दुसऱ्याचे 600 रुपये दिवसाला, 9,000 गुणिले 8, 72 हजार. दोघांची ग्रॅच्युइटी 1 लाख 98 हजार.

याशिवाय धंदा बंद होतोय म्हणून नुकसानभरपाई: वर्षभर सलग काम केलेल्या प्रत्येकाला, दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. पहिल्या दोघांची पुन्हा तितकीच, 1 लाख 98 हजार. 13,000 वाल्यांचे 500 रुपये दिवसाला, पंधरा दिवसांचे 7,500: चार वर्षांवाल्याला 30,000, तीनवाल्याला 22,500, दोनवाल्याला 15,000. सात महिन्यांवाल्याचे 31 मे पर्यंत कामाचे 240 दिवस भरले तर त्यालाही ही भरपाई लागू शकते, ती इथे धरलेली नाही. एकूण 2 लाख 65 हजार 500. दोन्ही मिळून 4 लाख 63 हजार 500. राहिलेल्या हक्काच्या रजांचे पैसे वेगळे. पगारात भत्ते निम्म्याहून जास्त दाखवले असतील तर जादाचा भाग पगारातच धरतात, म्हणून वरचे आकडे पगारपत्रक बघून पक्के करा.

महिन्याची नोटीस किंवा महिन्याचा पगार. 30 एप्रिलला लेखी नोटीस दिली की 31 मे ला हा भाग सुटतो. सरकारला 60 दिवस आधी कळवण्याची अट 50 कामगारांपासून पुढे, तुम्हाला नाही. आणि शेवटचा पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा, पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला नाही. ग्रॅच्युइटीला 30 दिवस मिळतात.

तोलून_मापून
तोटा असेल तर भरपाई तीन महिन्यांच्या पगारापुरतीच असते ना? आमच्या बाजारात सगळे हेच करतात.

वकीलवाडा
तीन महिन्यांची मर्यादा आहे, पण ती मालकाच्या हाताबाहेरच्या, टाळता न येणाऱ्या कारणासाठी. आणि कायद्यात तिथेच लिहिलंय की आर्थिक अडचण किंवा तोटा, न खपलेला माल साचणं, भाडेकराराची मुदत संपणं ही अशी कारणं धरायची नाहीत. दुकानाला आग लागली तर वेगळं. इथे मालकाने वय झालं म्हणून बंद केलंय.

एक खरंच वादाचा मुद्दा सांगतो. भरपाईसाठी महिन्याचे 26 दिवस धरायचे की 30, यावर मतं वेगळी आहेत. ग्रॅच्युइटीत 26 कायद्यातच आहे, भरपाईत तसं स्पष्ट नाही. 30 धरले तर पहिल्याचे 1,26,000 ऐवजी 1,09,200 होतात. सहा माणसांच्या दुकानात या फरकासाठी भांडू नका, असं माझं मत. कामगार न्यायालयात एक तारीख पडली की वाचलेले सोळा हजार गेलेच.

रेवती_मु
आणि दुकानात विकणारा माणूस 'कामगार' मोडतो का? आमच्याकडे सल्लागाराने सांगितलं की सेल्समन बसत नाही, भरपाई देऊ नका.

वकीलवाडा
त्यावरही निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. नुसता विकणारा, की माल उतरवणं, बिल करणं, स्टॉक मोजणं, घरपोच नेणं हेही करणारा, यावर जातं. लहान दुकानात सगळे सगळं करतात, त्यामुळे 'बसत नाही' हे इतकं सरळ नाही. ग्रॅच्युइटीला मात्र हा वाद नाही, ती सेल्समनलाही आहे.

निम्मीशिम्मी
माझं जरा वेगळं. आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, दोघे संचालक, 2 लाखांचं देणं शिल्लक. कंपनीचं नाव काढायचा फॉर्म एसटीके-2 भरून नाव काढून टाकलं की देणं आपोआप संपतं ना? काकांनाही तेच करता येईल.

जमाखर्च
दोन्हीला नाही. काकांची एकट्याची मालकी आहे, म्हणजे दुकानाचं देणं हे काकांचंच देणं, बोर्ड उतरवला तरी. आणि एसटीके-2 मध्ये देणी शून्य आहेत असं संचालक शपथेवर लिहितात. देणं शिल्लक ठेवून तसं लिहिणं म्हणजे स्वतःवर ओढवून घेणं. आधी 2 लाख फेडा किंवा सप्लायरकडून लेखी सूट घ्या, मग फॉर्म. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

कृष्णाकाठ
सप्लायरना कधी सांगायचं? आणि उधारीवाल्यांना?

जमाखर्च
उधारी आधी, बातमी नंतर. दुकान बंद होतंय हे कळलं की उधारी वसुलीचा जोरच संपतो. पुढच्या वेळी काही लागणार नाही, मग देणार कशाला. म्हणून फेब्रुवारी पूर्ण उधारीला. प्रत्येकाकडून शिल्लक मान्य असल्याची सही किंवा निदान व्हॉट्सअॅपवर होकार घ्या. तीन वर्षांची मुदत असते आणि लेखी कबुलीने ती कबुलीच्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. पण कबुली मुदत संपायच्या आत यायला हवी, नंतरची चालत नाही.

सप्लायरना मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सातही जणांना एकाच दिवशी, एकच पत्र. एकाला आधी सांगितलं की दुपारपर्यंत सातांनाही कळतं आणि प्रत्येकजण गाडी घेऊन माल उचलायला येतो. पत्रात किती देणं आहे, कोणता माल परत घ्यायची विनंती आहे, बाकी किती हप्त्यांत आणि शेवटची तारीख. सगळ्यांना सारख्या प्रमाणात द्या. 12 टक्के देणं असलेल्या एकाला ओळखीमुळे पूर्ण आणि बाकीच्यांना निम्मं, असं केलं आणि पुढे प्रकरण दिवाळखोरीपर्यंत गेलं, तर अर्जाआधीच्या तीन महिन्यांतलं असं देणं न्यायालय रद्द करू शकतं.

माल परत करताना सप्लायरने क्रेडिट नोट काढायला हवी आणि ती जीएसटी पोर्टलवर तुमच्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसायला हवी. फोनवर 'टाकतो' म्हणून पाच महिने जातात आणि मग तुमचा नंबर बंद. महाराष्ट्रात एक लाखाच्या वरचा माल हलवताना ई-वे बिल लागतं, ते बंद झालेल्या नंबरावर निघत नाही. म्हणून परतीचा माल मार्चमध्येच संपवा.

आणखी एक, हप्ते लांबवताना 180 दिवस विसरू नका. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत सप्लायरला पैसे दिले नाहीत तर त्या बिलावरचं क्रेडिट व्याजासकट परत जातं. सप्लायरने 'दोन लाख सोडतो' म्हटलं तरी त्या दोन लाखांवरच्या कराचं तसंच. आणि सोडलेली रक्कम काकांच्या उत्पन्नात धरली जाते. सूट घेताना हे वजा करून बघा.

घाटावरचा
चेकबद्दल कुणी बोललं नाही. सीसी बंद करायच्या आधी बाहेर असलेला प्रत्येक चेक नंबरनिशी यादीत घ्या. 'खातं बंद' म्हणून परत आलेला चेकही न वटलेलाच धरतात. नोटिशीनंतर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होते. त्या दोन कोऱ्या चेकच्या बदल्यात रक्कम आणि तारीख घातलेला नवा द्या, कोरे परत घ्या, पोच घ्या. ते मिळेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.

रेवती_मु
तारीख 31 मे चांगली निवडलीय. कूलर आणि फ्रिज मार्च ते मे मध्ये हलतात, 31 मार्चला बंद केलं असतं तर ऐन मोसमात ते डेड स्टॉकच्या भावाने द्यावे लागले असते. जागामालकाला मात्र कराराप्रमाणे आधी सांगा. दोन महिन्यांची नोटीस असेल तर 31 मार्चच्या आत. आणि माणसं नोटिशीच्या आधीच निघून जातात हे धरून चाला. ज्या दोघांना घरपोच आणि बसवणं येतं त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत थांबल्यास वेगळी रक्कम लेखी कबूल करा.

गिऱ्हाइकांसाठी असं काही:

"आमचं दुकान 31 मे रोजी बंद होत आहे. ज्यांचं बुकिंग आहे त्यांनी 30 एप्रिलपर्यंत माल न्यावा किंवा पैसे परत घ्यावेत. दुरुस्तीला दिलेल्या वस्तू 15 मे पर्यंत पावती दाखवून न्याव्यात. कंपनीची वॉरंटी पूर्वीसारखीच चालू राहील, बिल जपून ठेवा. हरवलं असल्यास 31 मे पर्यंत प्रत मिळेल. फायनान्स कंपनीचे हप्ते चालू राहतील, ते दुकानाशी संबंधित नाहीत."

शेवटचं वाक्य मुद्दाम. दुकान बंद म्हणजे हप्ता संपला असं समजणारे असतात, आणि मग त्यांचे फोन काकांना येतात. बुकिंगचे पैसे यूपीआयने किंवा बँकेनेच परत करा, रोखीत नको.

कृष्णाकाठ
दुकानाने स्वतः दिलेली 'आणखी एक वर्ष सर्व्हिस मोफत' अशी चिठ्ठी आहे काही एसी-वॉशिंग मशीनवर. साधारण 40 जणांना. तिचं काय?

रेवती_मु
ते कंपनीचं नाही, काकांचंच देणं आहे. गावातल्या मेकॅनिकशी प्रत्येक सर्व्हिसचा दर ठरवून एकरकमी करार करा आणि त्याचा नंबर 40 जणांना द्या. तो खर्च वरच्या 34 लाखांत नाही.

जमाखर्च
बरोबर, नाही. म्हणजे कमी पडणारी रक्कम 30 हजारांहून मोठी आहे. शिवाय 31 मे ला काही माल उरणारच. समजा दोन लाखांचा, 18 टक्क्यांनी 36 हजार क्रेडिट परत. काउंटर, एसी, संगणक यांचं क्रेडिट पाच वर्षांच्या आयुष्यावर महिन्याप्रमाणे उरलेल्या भागाचं. त्याहून जुनं असेल तर बिल करून विका.

नंबर रद्दचा अर्ज आरईजी-16 बंदनंतर 30 दिवसांत. मे महिन्याची रिटर्न आधी भरा. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं जीएसटीआर-10; हे बहुतेक जण विसरतात, कारण त्यांना वाटतं नंबर गेला म्हणजे संपलं. उशिराला दिवसाला 200 रुपये. व्यवसाय कराचे दोन्ही नंबर, मालकाचा आणि कामगारांचा, वेगवेगळे रद्द होतात. दुकान नोंदणीची बंदची सूचनाही द्या. वह्या सहा वर्षं ठेवायच्या, म्हणून गोडाऊन रिकामं करताना बिलांच्या फायली रद्दीत जाऊ देऊ नका.

कृष्णाकाठ
काका म्हणतात, कामगारांची रक्कम राखायला बँक नाही म्हणाली तर काय?

घाटावरचा
मग जुना माल आधी काढा. डीपी ठरवताना बँक साधारणपणे फार जुना माल धरतच नाही, त्यामुळे तो विकल्याने डीपी घटत नाही आणि त्याचे पैसे सीसीतून पुन्हा काढता येतात. तुमच्या 8 लाखांतला किती बँकेने आधीच वगळलाय ते शेवटच्या स्टॉक स्टेटमेंटवर बघून इथे टाका, मग सांगतो.

तोलून_मापून
आणि जुना माल घेणारे घाऊकवाले रोखीत, बिलाशिवाय मागतात. त्यांना काय सांगायचं?

जमाखर्च
बिलाशिवाय दिला तर बंदच्या हिशेबात तो माल शिल्लकच दिसतो आणि क्रेडिट परत भरावं लागतं. दहा टक्के कमी भाव घ्या, बिल करा.